चौथ्या प्रश्नापाशी थांबलेली पेन्सिल

दहावीच्या पूर्वपरीक्षेत मी न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर लिहून आले होते. चुकीचं उत्तर नव्हे. उत्तर अगदी बरोबर होतं, फक्त तो प्रश्न त्या पेपरात नव्हता. प्रश्नात होतं की प्रवाहाचा वेग ताशी तीन किलोमीटर आहे, नाव चोवीस किलोमीटर जाऊन परत येते, एकूण सहा तास लागतात, तर नावेचा वेग काढा. आणि मी दोन पानं सुंदर अक्षरात भरून खाली दुहेरी रेघ मारून लिहिलं होतं : प्रवाहाचा वेग ताशी पाच किलोमीटर.

गुरुजींनी ती उत्तरपत्रिका वर्गात वर धरली. "अवं बाई," ते म्हणाले, "प्रवाहाचा वेग तर मी प्रश्नातच दिला होता, तीन. तू तो पाच केला. धरणाचे दरवाजे उघडले का तू?"

वर्ग हसला. मीही हसले, कारण रडण्यापेक्षा ते सोपं होतं. पण ते उदाहरण कुठलं होतं हे मला माहीत होतं. ते एका जुन्या बोर्डाच्या पेपरातलं होतं : संथ पाण्यात नावेचा वेग पंधरा, तीस किलोमीटर जाऊन परत यायला साडेचार तास, प्रवाहाचा वेग काढा. मी ते इतक्या वेळा केलं होतं की 'नाव' हा शब्द दिसताच हात सुटला. पुढे प्रश्न मी वाचलाच नाही. हातानं वाचू दिला नाही, असं मी तेव्हा मैत्रिणीला सांगितलं होतं. सोळा वर्षांची शहाणी पोरगी, गणितात मठ्ठ, पण नाटकात हुशार.

तो जुना पेपर माझ्याकडे कसा आला, ते सांगते.

तेव्हा आमचा जिल्हा भंडारा होता, गोंदिया नंतर वेगळा झाला. इटियाडोह धरणाच्या कालव्याच्या अंगाला आमचं गाव आणि गावात ही एकच शाळा. जुन्या प्रश्नपत्रिका विकत मिळत, पण त्या गोंदियाला, आणि गोंदियाला जायचं तर घरातल्या कोणाचं तरी दवाखान्याचं निमित्त लागायचं. म्हणून गावात एक पद्धत होती. दहावी सुटलेली पोरं आपल्या प्रश्नपत्रिका शाळेत आणून द्यायची. ऑफिसातल्या लोखंडी कपाटात त्या पडून असायच्या. दिवाळीनंतर शिपाईकाका त्या वाटून द्यायचे, ज्याला हव्या त्याला. माझ्या वाट्याला सुतळीनं बांधलेला एक गठ्ठा आला.

घरी नेऊन मी तो धानाच्या ढोलीमागे उघडला. ढोली म्हणजे बांबूची, शेणानं लिंपलेली, माणसाहून उंच. तिच्यामागे दुपारीसुद्धा संध्याकाळ असायची. नवीन धानाचा वास, वर उंदरांची खुडबुड, आणि माझ्या मांडीवर सहा पेपर. सगळे बीजगणिताचे. मार्च, ऑक्टोबर, मग पुन्हा मार्च, पुन्हा ऑक्टोबर, अशा तीन वर्षांचे.

प्रश्नपत्रिकेवर आसन क्रमांकाखेरीज काही लिहायचं नसतं. या सहाही पेपरांवर लिहिलेलं होतं. बारीक पेन्सिलीनं, समासात. सोडवलेल्या प्रश्नासमोर बरोबरची खूण, जवळ छोटंसं उत्तर. आसन क्रमांक सहाही पेपरांवर वेगवेगळे, पण अक्षर एकच. सात या आकड्याला मधून आडवी रेघ, नऊचं पोट चपटं. एकच माणूस सहा वेळा बसलं होतं.

आणि सहाही पेपरांत ती पेन्सिल चौथ्या प्रश्नापाशी थांबली होती.

पहिला प्रश्न, खूण. दुसरा, खूण. तिसऱ्यातले बहुतेक. चौथ्यात शाब्दिक उदाहरण आलं की समासात आकडेमोड सुरू व्हायची. मग खोडलेलं, त्यावर पुन्हा लिहिलेलं, पुन्हा खोडलेलं. एका पेपरात इतकं खोडलं होतं की कागदाला भोक पडलं होतं. त्या भोकातून मला माझ्या लुगड्याच्या काठाचा लाल रंग दिसला आणि मी दचकून पेपर टाकून दिला. (लुगडं आईचं होतं, मी चोरून नेसले होते. तेही कबूल करून टाकते.) चौथ्यानंतर काही नाही. पाचवा, सहावा प्रश्न कोरेकरकरीत, जणू तिथवर कोणी पोचलंच नाही.

मी शिपाईकाकांना विचारलं, "हे कोणाचे आहेत?"

ते म्हणाले, "तुले पेपर पायजे का मानूस पायजे?"

मैत्रिणीला विचारलं तर तिनं डोळे मोठे करून सांगितलं, "तुले माहीत नाही? एक पोरगी होती. सहा वेळा बसली, सहाही वेळा उडाली. मग तलावात गेली म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"सगळेच."

एवढा पुरावा मला पुरला. त्या दिवसापासून मी त्या पेपरांना 'ती' म्हणू लागले. ढोलीमागे बसण्याआधी पेपरांशेजारी दोन बोरं ठेवायची. आपली दोन खायची, तिची दोन ठेवायची. दुसऱ्या दिवशी तिची बोरं गेलेली असत. उंदीर वरच होते, पण माझी अक्कल मात्र कुठे चरायला गेली होती कोण जाणे. मला खात्रीच पटली की ती खाते.

पण हसण्याच्या पुढचीही एक गोष्ट होती. मी तिच्या मागोमाग सोडवत जायची. ती बरोबर असायची, पहिल्या तीन प्रश्नांत कधी चुकली नव्हती. त्यामुळे मी तिच्यावर विश्वास टाकला. माझं उत्तर तिच्या समासातल्या उत्तराशी जुळलं की पुढे. आणि चौथ्या प्रश्नाशी आले की माझाही हात थांबायचा. खरोखर थांबायचा. मी तिनं मांडलं तसंच मांडायची आणि तिच्याच जागी अडकायची. उत्तर येतच नसे, दशांश चिन्हानंतर आकडे लांबत जात, वर्गमूळ संपत नसे. मग मी खोडायची. एकदा थांबून बघितलं तर माझ्या वहीलाही भोक पडलेलं. त्याच जागी, वरून दुसऱ्या ओळीत.

मी पाठीमागे बघितलं नाही. ढोलीवर पाठ टेकून बसले. मला वाटलं, मला ही आपल्यासारखी करून ठेवणार. सातवा पेपर माझा असणार.

तर पूर्वपरीक्षेत माझ्या हातानं नावेचा जुना प्रश्न लिहिला तो या सगळ्यानंतर. त्याची बरोबर रीत, शेवटच्या त्या पाचपर्यंत, मला गुरुजींनी शिकवणीत लिहून दिली होती आणि मी ती न समजता पाठ केली होती. पाठ केलं म्हणजे कळलं असं समजणारी मी एकटीच मूर्ख नसेन, पण त्या वर्षी पहिला नंबर माझाच होता.

हसं झाल्यावर घरी गेले. बोरं ठेवली नाहीत. रागानं तो भोकाचा पेपर घेतला आणि पहिल्यांदा तिच्या मागून न जाता तिच्याकडे बघत बसले. तिनं समीकरण मांडलं होतं. तीस भागिले पंधरा अधिक क्ष, तीस भागिले पंधरा उणे क्ष, बेरीज बरोबर... आणि तिथं होतं चार पॉइंट तीस.

साडेचार तास. चार तास तीस मिनिटं. तिनं लिहिलं होतं चार पॉइंट तीस.

घड्याळात तसंच लिहितात ना. पण तास साठ मिनिटांचा असतो, शंभराचा नाही. तीस मिनिटं म्हणजे अर्धा तास, म्हणून चार पॉइंट पाच. चार पॉइंट पाच घातलं की सगळं सुरळीत निघतं. दोनशे पंचवीस उणे दोनशे, पंचवीस, क्ष बरोबर पाच. चार पॉइंट तीसनं कितीही खोडा, निघत नाही. मी बाकीचे पाच पेपर उघडले. पाऊण तासाचं पॉइंट पंचेचाळीस. सव्वादोनचं दोन पॉइंट पंधरा. तीन वर्षं, एकच चूक, आणि तिला ती कोणी दाखवली नव्हती. तेव्हा बोर्डाच्या उत्तरपत्रिका कोणाला बघायला मिळत नसत. निकालाच्या कागदावर फक्त मार्क यायचे.

पण नुसत्या एका उदाहरणानं कोणी नापास होत नाही. हे कळायला मला आणखी दोन दिवस लागले. ती नापास झाली ती तिथंच बसून राहिली म्हणून. पाचव्यात तिला येणारी दोन सोपी समीकरणं होती, सहाव्यात आलेख होता. तिनं ते बघितलेच नाहीत. उरलेला सगळा वेळ त्या एका भोकात गेला.

पुढचे दोन महिने मी जुने पेपर वेगळ्या रीतीनं केले. वडिलांचं घड्याळ समोर ठेवायचं, पूर्ण पेपर एका बैठकीत सोडवायचा, पाच मिनिटांत वाट दिसली नाही तर चौकोन करून पुढे जायचं. मग तपासायचं. आणि जिथं आपला हात थांबला, तेवढंच एका वहीत. आठ दिवसांनी त्या वहीतलंच पुन्हा, आकडे बदलून, म्हणजे हाताला जुनं उत्तर आठवून चालणार नाही. कोणता प्रश्न 'येणार' याचा नाद सोडला. बाकीच्या पोरी ठोकताळे बांधत होत्या, हा धडा मागच्या साली आला, यंदा येत नाही. मी माझी भोकं मोजत होते.

शाळेत पहिली आले, केंद्रातही पहिली. आणि मग चाळीस वर्षं मी सगळ्यांना एकच वाक्य सांगितलं : जुने पेपर सोडवा. मुलांना, सुनांना, गोंदियाच्या शेजारणींच्या पोरांना. पेन्सिलीविषयी कोणालाही नाही. कोणाच्या सहा वेळच्या नापासावर पाय ठेवून मी चढले हे सांगायला कोणाला आवडेल?

यंदा जानेवारीत शाळेचं बोलावणं आलं. स्नेहसंमेलनात माजी गुणवंत विद्यार्थिनीचं भाषण. विषयही त्यांनीच ठरवला होता : 'जुन्या प्रश्नपत्रिकांनी घडवलेला माझा अभ्यास'. मी पैठणी काढली. सून म्हणाली, "आई, लग्नाले जाऊन राहिल्या का?" मी म्हटलं, "मी मलाच बघायला जाते आहे."

शाळेत पोचले तेव्हा दुपारचे बारा वाजत आले होते, तरी धुकं उठलं नव्हतं. कालव्यावरून येऊन ते मैदानावर बसून होतं. मंडपाचे बांबू अर्धेच दिसत. मुख्याध्यापिकाबाईंनी मला ऑफिसात बसवलं, तेच ऑफिस, कपाट मात्र गेलं होतं. चहा देऊन त्या हळूच म्हणाल्या, "आजी, एक काम होतं. दहावीतली एक पोरगी आहे. बाकी सगळ्यात बरी, पण पूर्वपरीक्षेत गणित भाग एकमध्ये चाळीसपैकी सहा. आता म्हणते, बोर्डाला बसतच नाही. फॉर्म भरलेला आहे, हॉल तिकीट येईल, पण ती बसणार नाही म्हणते. घरी लग्नाची बोलणी सुरू होतील, ते वेगळं. आज तुमचं ऐकून बसली तर बसली."

"कुठे आहे?"

त्यांनी हाक मारली. दोन वेण्या, नाचाचा झगमगीत घागरा, पायांत चप्पल नाही, नुसते घुंगरू. ती दारातच उभी राहिली.

"ह्या आपल्या शाळेच्या टॉपर आजी," बाई म्हणाल्या.

पोरीनं मला पैठणीपासून चष्म्यापर्यंत बघितलं. "तुमी का सांगान ते मले माहीत हाय," ती म्हणाली. "जुने पेपर सोडवा. म्या सोडवले. सगळे सोडवले."

"मग?"

"मग का? चवथ्यापाशी अटकतो."

 मी हातातली बशी टेबलावर ठेवली. "काऊन अटकते?" मी विचारलं.

"मले का माहीत. आमच्या घरी कोनालेच नाही जमत." ती निघून गेली. घुंगरांचा आवाज धुक्यात गेला आणि बराच वेळ ऐकू येत राहिला, जणू ती दूर जातच नव्हती.

भाषणाला उभी राहिले तेव्हा मंडप भरला होता. पुढे पोरं सतरंजीवर, डावीकडे बाप्ये खुर्च्यांवर, उजवीकडे मागे बायामाणसं, त्यांच्या मागे पुन्हा धुकंच. मी नेहमीचंच सुरू केलं. मी कशी पहाटे उठायची (उठायची नाही), घरात कंदील कसा होता (विजेचा दिवा होता). एक पोरगं जांभई देत होतं. ती पोरगी नाचणाऱ्यांच्या रांगेत बसून चपलेनं माती उकरत होती, चप्पल कोणाची तरी मागून आणलेली. मी तिच्याकडे बघितलं आणि माझं पाठ केलेलं भाषण मला सुचेना. तोंडात दुसरंच आलं.

मी ढोली सांगितली. बोरं सांगितली, पोरं हसली. पेन्सिल सांगितली, पोरं गप्प झाली. सहा पेपर, एक अक्षर, चौथ्या प्रश्नापाशी भोक. त्या पोरीची चप्पल माती उकरायची थांबली.

"एक उदाहरण मला आजही पाठ आहे," मी म्हणाले. "नावेचा संथ पाण्यातला वेग ताशी पंधरा किलोमीटर. तीस किलोमीटर जाऊन परत यायला..."

तेवढ्यात लाईन गेली. माइक मेला. दिवे विझले आणि मंडपात ती शांतता आली जी माणसं जास्त असली की जास्तच जड होते. मी तोंड उघडून उभी. आणि मागून, बायांच्या बाजूनं, संथपणे, पाढा म्हणावा तसा आवाज आला.

"...साडेचार तास लागतात, तर प्रवाहाचा वेग काढा."

कोणी वळून बघितलं नाही. त्यांना वाटलं असेल, हा भाषणाचाच भाग आहे.

"साडेचार तास," मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटला. "तिनं किती लिहिलं होतं?"

"चार पॉइंट तीस," आवाज म्हणाला.

 मी चष्मा पुसला, लावला, धुक्यात चेहरे एकसारखेच दिसत होते, पदर डोक्यावर, अर्धे झाकलेले. चाळीस वर्षं मी जिला तलावात बुडवून ठेवली होती, ती पदर घेऊन कुठल्या रांगेत बसली होती? मी मंचाचा बांबू धरला.

"साडेचार म्हणजे चार पॉइंट किती?" मी पोरांना विचारलं, कारण कोणाला तरी काही तरी विचारणं भाग होतं.

"पाच!" पुढची पोरं ओरडली. "चार पॉइंट पाच!"

मागून काही आलं नाही.  मग सगळं सांगून टाकलं. ती चुकली ती तीस मिनिटांत, पण हरली ती तिथून न उठल्यानं. मी पहिली आले ती माझ्या हुशारीनं नव्हे, तिची पेन्सिल जिथं थांबली तिथं बघून. आणि हे मी आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं. जुने पेपर भविष्य सांगत नाहीत, बाळांनो, ते फक्त आपण कुठं थांबतो ते दाखवतात. टाळ्या पडल्या तेव्हा लाईन आली आणि माइकनं एकदम किंकाळी फोडली. मी पुन्हा मागे बघितलं तर बायांच्या रांगेत एक जागा रिकामी होती, सतरंजीवर बसल्याचा खळगा तेवढा दिसत होता.

पुढे नाच सुरू झाला तेव्हा मी मंडपातून मागच्या बाजूनं उतरले. शाळेच्या मागे पाण्याची टाकी आहे. टाकीच्या कट्ट्यावर एक बाई बसली होती. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी, बारीक, नऊवारीचा पदर कानामागे. तिच्यासमोर ती पोरगी घागऱ्यासकट उभी होती. नाचायला गेलीच नव्हती.

मी चार पावलांवर थांबले. खरं सांगते, पहिल्यांदा तिच्या पायांकडे बघितलं. सरळ होते.

"पाय पाहून राहिली का?" बाई म्हणाली. "जित्ती हावो बाप्पा."

"मला सांगितलं होतं की तलावात..."

"तलावात नाही, माह्या मावशीकडं गेली होती. देवरीकडे." ती हसली नाही. "सहाव्यांदा उडाली त थ्या पोरी मले पाहून हासत. मंग लगन झालं. पेपर शाळेत देऊन गेली, का कोनाच्या त कामी पडतीन."

"पडले," मी म्हणाले. 

"आयकलं ना आता."

पोरगी मधेच त्या बाईला म्हणाली, "आजी, तू सहा वेळ बसली होती? मले काऊन नाही सांगितलं?"

"कायले सांगू? नापास झाल्याचं का कीर्तन करू?"

पोरीनं ओढणीच्या आतून एक घडी घातलेला कागद काढला. पूर्वपरीक्षेची उत्तरपत्रिका. ती सोबत घेऊन फिरत होती, फाडायला जागा शोधत असेल. तिनं ती आजीला दिली नाही, मला दिली. "पाहा, कुठं अटकलो."

मी कट्ट्यावर ठेवून उघडली. पहिला प्रश्न निम्मा बरोबर, दुसऱ्यात थोडं. तिसऱ्यात मांडणी होती, मार्क मात्र कापलेले. चौथ्यात समीकरण मांडलेलं आणि मग खोडाखोड, पेनाची, काळीभोर, कागद फाटेपर्यंत. प्रश्नात सव्वादोन तास होते. तिनं लिहिलं होतं दोन पॉइंट पंधरा. त्यापुढचं पान कोरं. सात या आकड्याला मधून आडवी रेघ होती.

मंडपातलं गाणं चालू होतं पण ते मला लांबून आल्यासारखं वाटलं. माझ्या बोटाखाली तोच आकडा, तेच चपट्या पोटाचे नऊ, चाळीस वर्षांनी नव्या शाईत.

"तुला तास-मिनिटं मांडायला कोणी शिकवलं?" मी विचारलं.

पोरगी म्हणाली, "आजीनंच. लहान होतो तवा. घड्याळ बी तिनंच शिकवलं."

बाई कागदाकडे बघत राहिली. तिला वाचायला चष्मा लागत असणार, तिनं मागितला नाही. बोट त्या खोडाखोडीवर ठेवलं, बरोबर त्या जागी, न शोधता.

"म्हंजे म्याच दिलं हे," ती म्हणाली.

"आजी, रडू नको वं."

"रडून नाही राहिली. पाहून राहिली."

मी पर्समधून पेन काढलं आणि उत्तरपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर एक तासाचं वर्तुळ काढलं. त्याचे चार भाग केले. पंधरा मिनिटं म्हणजे यातला एक, चारातला एक. एक भागिले चार. पोरीनं मान वाकवली. "पॉइंट पंचवीस," ती म्हणाली. मग स्वतःशीच, "दोन पॉइंट पंचवीस." तिनं माझ्या हातातून पेन घेतलं आणि तिथंच, कट्ट्यावर गुडघे टेकून, ते उदाहरण पुन्हा मांडलं. घागऱ्याला चिखल लागत होता. निघालं. पूर्ण अंकात निघालं. ती त्या उत्तराकडे असं बघत होती जसं कोणी दार आपोआप उघडल्यावर बघतं, आत कोण आहे याची थोडी भीती ठेवून.

"पेपरले बसशील?" मी विचारलं.

"सहातून चवदा होतीन का एवढ्यानं?" चवदा म्हणजे तिच्या लेखी पास.

"एवढ्यानं नाही होणार," मी म्हणाले, कारण खोटं बोलण्याचा माझा कोटा मंचावर संपला होता. "पाचव्यातलं येतं ते पण कोरं सोडलंय तू. आणि अजून अडायच्या जागा असतील. सगळे पेपर घड्याळ लावून पुन्हा करायला लागतील. दीड महिना आहे."

पोरगी आजीकडे बघत होती. मुख्याध्यापिकाबाई मंडपाच्या कोपऱ्यावरून आम्हाला शोधत आल्या आणि जवळ यायचं की नाही ते न कळून तिथंच थांबल्या. आजीनं उत्तरपत्रिका उचलली, घडी केली, नातीच्या ओढणीत परत खोचली आणि पदर सारखा करत माझ्याकडे वळली. तिचे शब्द मी जसेच्या तसे लिहिते :

"उद्यापासून येत जाय. हे बसते पेपरले, मी बसवतो. तू हिचे पेपर पाहाय, कुठं अटकते थे दाखव. पन यावेळी हिच्या चुकीवर तू पास होऊ नको बाप्पा, हिलेच होऊ दे."